आधी माइक, मग लाइट



गेल्या दोन महिन्यांत आपल्यापैकी चौघा-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "घरी व्हिडिओ करायचेत, कुठला मोबाइल घेऊ?" कुणाला आईच्या हातचे पदार्थ टिपून ठेवायचेत, कुणाला गाण्याचा क्लास घ्यायचाय. नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे आजींनी नातवाच्या मदतीने २०२० साली सुरू केलेलं 'आपली आजी' पाहिल्यापासून तर प्रत्येक घरात एक तरी उमेदवार तयार आहे. माझं उत्तर सगळ्यांना एकच. मोबाइल आहे तोच राहू द्या. गेल्या पाच-सहा वर्षांतल्या कुठल्याही बऱ्या फोनचं चित्र या कामाला पुरतं. पुरत नाही तो आवाज. आणि विजय नगरसारख्या भागात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आवाजाचाच सगळा खेळ आहे.

माझ्या मावसबहिणीचं सांगतो. ताई नववी-दहावीचं गणित शिकवते. बाळ झाल्यावर शाळा सोडली आणि घरूनच आठ मुलांची शिकवणी सुरू केली. बाळ झोपलं की धडा रेकॉर्ड करायचा आणि मुलांना पाठवायचा, संध्याकाळी फक्त शंका घ्यायच्या, असा बेत. पहिले तीन धडे गेले आणि दोन मुलांच्या आयांचे फोन आले, "मॅडम, काही समजतच नाही, पंखाच ऐकू येतो." महिन्याची फी देणारे आठच जण, त्यातले दोन गेले तर हिशेबच बसत नाही. ताईने घाईने एक यादी केली: मोठा रिंग लाइट, मागे लावायला हिरवा पडदा, उंच ट्रायपॉड, वायरलेस माइकची जोडी. बेरीज सहा हजारांच्या वर. मी म्हटलं, थांब, आधी बघू आवाज बिघडतोय कुठे.

फोन टेबलावर, तिच्यापासून साधारण चार फुटांवर होता. पंखा डोक्यावर. फोनचा माइक इवलासा असला तरी वाईट नसतो, पण तो फोनबरोबर चार फूट लांब बसलेला असतो. आवाजाचा नियम सोपा आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर अर्धं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. चार फुटांचे दोन, दोनाचा एक, एकाचा अर्धा, असं तीनदा अर्धं केलं की १८ डेसिबल मिळाले. पंख्याचा आवाज मात्र खोलीभर सारखाच पसरलेला असतो, माइक इकडे-तिकडे केला तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे पंखा बंद न करता, भिंतींना काही न लावता, नुसता माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर आणला की बोलणं पंख्याच्या कितीतरी वर येतं. महागडा माइक लांब ठेवून जे होत नाही ते साधा माइक जवळ आणून होतं. बाकी सगळी खरेदी याच्यानंतर.

मोबाइल आणखी एक गोष्ट परस्पर करतो. आवाज कमी येतोय असं वाटलं की तो स्वतःच पातळी वाढवतो. म्हणून ताई वाक्य संपवून श्वास घ्यायला थांबली की पंख्याची घरघर हळूहळू वर यायची आणि ती बोलायला लागली की दबायची. रेकॉर्डिंगमध्ये अशी घरघर वर-खाली होताना ऐकू आली तर समजा की माइक लांब आहे. खोली फार गोंगाटाची असेलच असं नाही.

जवळचा माइक म्हणून पहिला प्रयोग फुकटात करता येतो. फोनबरोबर आलेले वायरचे इअरफोन असतील तर त्यांच्या वायरवर बटणाशेजारी एक बारीक छिद्र असतं, तोच माइक. ती वायर पदराला किंवा कॉलरला चिमट्याने लावा आणि एक मिनिट बोलून बघा. ताईला एवढ्यानेच फरक कळला. ब्लूटूथच्या इअरबड्सवर मात्र भिस्त ठेवू नका. कॅमेरा चालू असताना बरेच फोन त्यांचा माइक वापरतच नाहीत, आणि वापरला तरी आवाज फोन-कॉलसारखा चपटा येतो.

मग खरेदी. कॉलरला लावायचा वायरचा माइक, ज्याला दुकानदार कॉलर माइक म्हणतात, तो आठशे रुपयांच्या आसपास मिळतो. ताईने बोया कंपनीचा बीवाय-एम१ घेतला, कारण तो बहुतेक दुकानांत असतो आणि वायर ६ मीटर लांब आहे, फळ्याजवळ उभं राहूनही पुरते. त्यावर एक छोटी खटकी आहे, एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला स्मार्टफोन. मोबाइलला लावताना ती स्मार्टफोनच्या बाजूला हवी. आत बटणासारखा सेल असतो, तो मोबाइलवर लागतच नाही. पिन बघून घ्या, तिच्यावर तीन काळ्या रेघा असायला हव्यात. दोनच असतील तर तो माइक कॅमेऱ्यासाठीचा आहे, फोन त्याला ओळखणार नाही.

फोनला गोल भोक नसेल, फक्त टाइप-सी असेल, तर मधे जोडणी लागते आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. स्वस्त जोडण्यांपैकी काही फक्त गाणी ऐकण्यापुरत्या असतात, माइक त्यातून जातच नाही. जेल रोडला जायचं तर फोन आणि माइक दोन्ही बरोबर न्या, दुकानातच लावा, दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकताना एक परीक्षा घ्या. रेकॉर्डिंग चालू असताना आधी कॉलरच्या माइकवर नखाने हलकेच टिचकी मारा, मग फोनच्या खालच्या कडेवर मारा. पहिली टिचकी मोठी आली तर माइक चालू आहे. दुसरी मोठी आली तर फोन अजूनही स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करतोय. तसं झालं तर आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या माइकचा पर्याय शोधा. काही फोनचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माइक घेत नाही, तिथे ओपन कॅमेरा हे मोफत ॲप वापरा, त्यात `Audio source` निवडता येतो. ही टिचकीची परीक्षा ताई आजही प्रत्येक धड्याआधी करते. पाऊण तासाचा धडा भलत्याच माइकवर रेकॉर्ड झाला की बाळ तेवढा वेळ पुन्हा झोपत नाही.

वायरलेस जोडी का नको? वाईट नाही, चालत-फिरत शिकवणाऱ्याला ती बरीच. पण तीन वस्तू चार्ज कराव्या लागतात, आणि स्वस्त जोड्यांवर गोंगाट कमी करणारं जे बटण असतं ते दाबलं की पंख्याबरोबर आवाजातला कसही जातो, पाण्याखालून बोलल्यासारखं वाटतं. एका जागी बसून शिकवायला वायर उत्तम.

माइक लावताना मंगळसूत्र, ओढणी, गळ्यातली साखळी त्याला घासत नाही ना ते बघा. कानाला आपल्याला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र खरखर आणि ठक-ठक येते. वायरचा एक वेढा करून चिमट्यात अडकवला की ओढ बसत नाही. ताई थेट पंख्याखालून चार फूट बाजूला सरकली, कारण वारा माइकवर आदळला की फडफड होते आणि ती नंतर काढता येत नाही. माइकवरची स्पंजची टोपी काढू नका, ती त्यासाठीच असते.

आता खोली. इथे दोन दुखणी वेगळी आहेत, त्यांचं औषधही वेगळं. एक टाळी वाजवा. मागून झणझणीत शेपूट ऐकू आली तर खोली घुमते. त्यावर गादी, गोधडी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, हे उत्तम औषध. ताईने दोरीवर एक जाड गोधडी टाकली, स्वतःच्या समोर, फोनच्या मागे, कारण आवाज तिकडेच जाऊन आपटतो आणि गोधडी चित्रातही येत नाही. पण बाहेरची रहदारी गोधडीने थांबत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावूनही थांबत नाही, तेवढे कष्ट घेऊ नका. बाहेरच्या आवाजावर खिडकी बंद करणं, रस्त्यापासून लांबची खोली निवडणं आणि वेळ सांभाळणं एवढंच आपल्या हातात आहे.

वेळ म्हणजे घराचं वेळापत्रकच. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, आपल्याला सवय झालेली असली तरी रेकॉर्डिंगमध्ये ते शब्द बोलण्याच्या शब्दांत मिसळतात आणि मग काहीच कळत नाही. अकरापर्यंत कुकर. दुपारी काकूंची मालिका, पण त्यांनी स्वतःच हेडफोन मागून घेतले, म्हणाल्या, "तुझं गणित ऐकण्यापेक्षा बरं." ताईला दोन ते साडेतीन मिळाले. फ्रिजची गुणगुण होतीच. तो रेकॉर्डिंगपुरता बंद करते आणि स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे बाहेर पडताना फ्रिज सुरू करायचा राहत नाही.

हॉर्न वाजला, शिट्टी झाली, तर रेकॉर्डिंग थांबवू नका. आवाज जाऊ द्या, एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून बोला. कापायला बसल्यावर आवाजाच्या पट्टीवर टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो, तिथलं बिघडलेलं वाक्य काढून टाकायचं. अर्ध्या वाक्यापासून जोडलं तर सूर जुळत नाही, म्हणून पूर्ण वाक्य.

उरलं चित्र. ट्रायपॉड साधा, चारशेचा घेतला. फोन डोळ्यांच्या उंचीवर आला की झालं, त्याआधी तो डाळीच्या दोन डब्यांवर चालत होता. दुपारी खिडकी समोर घेऊन बसलं की लाइट लागत नाही. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो, एवढं लक्षात ठेवा. रिंग लाइट घेतलाच नाही, ताईला चष्मा आहे आणि काचेत ते वर्तुळ दिसत राहतं. रात्री दिव्याखाली रेकॉर्ड करताना पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० केलं की पट्टे बहुधा जातात, नाहीतर दुसरा बल्ब लावून बघा.

माइक, ट्रायपॉड आणि जोडणी मिळून खर्च दीड हजारांच्या आत राहिला. दोन्ही मुलं शिकवणीला आहेत. लग्नसराईत वरातीचा बँड खालून गेला की मात्र ताई माइक काढून ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते, त्यावर अजून कुठल्या दुकानात काही मिळालेलं नाही.