सुट्या पैशांचा दरवाजा

नोव्हेंबर २०१६ मधील एका तरुण किराणा दुकानदाराची ही छोटीशी गोष्ट आहे. दुकानदार कल्पनेतला आहे. पण त्याच्याभोवतीची परिस्थिती आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० व १००० च्या नोटा बाद झाल्या. चलनातील रकमेचा सुमारे ८६ टक्के भाग त्या नोटांतच होता. दोन दिवसांनी बँकेतून २००० ची नवी नोट मिळू लागली. पण साठ रुपयांची साखर घेऊन गिऱ्हाईक ती नोट पुढे करी, तेव्हा १९४० रुपये सुटे आणायचे कोठून? आपल्या तरुणाने पाटी लावली : ‘रोख बंद. कार्ड किंवा मोबाइल वॉलेट.’ स्वाइप मशीनवर त्रेसष्ट रुपये म्हणजे बरोबर त्रेसष्टच कापले जात. गल्ल्याची कटकट गेली.

इथवर त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. चूक पुढे आहे. शेजारची एक खाला शंभराची नोट घेऊन आली, तर तिलाही त्याने पाटी दाखवली. ‘‘अरे बेटा, ही काही बाद झालेली नोट नाही,’’ ती म्हणाली आणि समोरच्या जुन्या दुकानात गेली.

दुकानाचा पैसा बँकेत जमा होत होता, यात शंका नाही. तीन महिन्यांहून जुन्या चालू खात्यातून १४ नोव्हेंबरपासून आठवड्याला ५०,००० काढता येत होते. एवढ्या दुकानाला ते पुरेसे होते. पण रक्कम मिळत होती मुख्यतः २००० च्या नोटांत! गवळ्याला रोज सातशे, पाववाल्याला तीनशे, पोऱ्याला अडीचशे द्यायचे. यांपैकी कोणाकडे मशीन होते? धान्याच्या ठोक व्यापाऱ्याला चेक चालतो, गवळ्याला चालत नाही. (शहरातील वर्तमानपत्रे हा फरक क्वचितच लिहीत.)

खरे म्हणजे दुकानदाराला सुटे पैसे बँक फारसे देत नाही, गिऱ्हाईक देते. खालाची शंभराची नोट संध्याकाळी पाववाल्याच्या हातात जायची. हा दरवाजा त्याने स्वतःच बंद केला. समोरचा म्हातारा दुकानदार मात्र शंभर, पन्नास, दहा सर्व घेत होता. ओळखीच्यांचे वहीत मांडत होता आणि २००० ची नोट तेवढी नम्रपणे परत करीत होता.

आमच्या मते पाटी लावायला हरकत नव्हती, पण तिच्यावर एवढेच हवे होते : ‘दोन हजाराचे सुटे नाहीत.’ मशीनही चालले असते आणि गल्लाही.

दहाव्या दिवशी गवळी आला, तेव्हा तरुणाजवळ दोन हजाराच्याच नोटा होत्या. ‘‘चाचा, तीन दिवसांचे एकदम घ्या, तोवर लिहून ठेवा,’’ तो म्हणाला. गवळ्याने पाटीकडे पाहिले आणि वही काढली.