कॉपी-पेस्ट करून पाठवलेलं 'क्लीन व्हर्जन'

मंडळी, "रिव्ह्यूसाठी क्लीन कॉपी पाठवतोय" हे वाक्य मेलमध्ये दिसलं की माझं डोकं फिरतं. क्लीन म्हणजे काय? तर मूळ वर्ड फाईलमध्ये कोणीतरी ट्रॅक चेंजेस लावून नीट बदल केले होते, बाजूला कमेंट्स टाकल्या होत्या, आणि या सद्गृहस्थांनी तो मजकूर उचलून कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये पेस्ट केला. फॉन्ट सुरेख, लोगो जागेवर, मार्जिन एकदम सरळ. फक्त काय बदललं, कोणी बदललं आणि का बदललं एवढंच गायब. म्हणजे ज्यासाठी रिव्ह्यू करायचा तेच!

उगाच चिडत नाहीये, उदाहरण देतो. आमच्या एका प्रोजेक्टच्या सपोर्टच्या कराराचा मसुदा क्लायंटकडे गेला होता. त्यात आम्ही लिहिलं होतं की गंभीर बिघाडाला 'फोर वर्किंग अवर्स'मध्ये प्रतिसाद देऊ. क्लायंटच्या वकीलबाईंनी ट्रॅक चेंजेस चालू ठेवून त्यातला 'वर्किंग' हा एकच शब्द खोडला. शेजारी कमेंटही टाकली, की आमचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो, त्यामुळे चोवीस तास सपोर्ट लागेल, त्यासाठी वेगळा दर सुचवा. बाईंनी सगळं कसं उघडपणे, शिस्तीत केलं होतं. पैसे वाढवून द्यायची तयारीही लिहून दाखवली होती!

आमच्याकडे ती फाईल ज्यांच्या हातात पडली त्यांना टेम्प्लेटची काळजी. त्यांनी तो अख्खा विभाग कॉपी केला आणि फॉन्ट बिघडू नये म्हणून `Keep Text Only` निवडून आपल्या फाईलमध्ये पेस्ट केला. मॅनेजरांनी वाचलं, वाक्य अगदी बरोबर वाटलं, सही झाली. पुढे एकदा पहाटे पावणेतीनला फोन वाजला तेव्हा कोणीतरी मूळ मेलमधली अटॅचमेंट उघडली, आणि तिथे तो लाल खोडलेला शब्द आणि ती कमेंट शांतपणे बसलेली होती. चोवीस तासांची जबाबदारी आमची, आणि तिचा दर कोणी मागितलाच नाही. तिघांच्या टीमने रात्रपाळ्या वाटून घेतल्या, आणखी काय करणार?

आता "मॅनेजरांनी नीट वाचायला हवं होतं" असं म्हणणारे भेटतातच. अहो, काय वाचायचं? नवीन घातलेला शब्द तरी वाचताना खटकू शकतो. खोडलेला शब्द पानावर नसतोच, तो कुठल्या डोळ्यांनी दिसणार? 'फोर अवर्स' हे व्याकरणाने शुद्ध, अर्थाने पूर्ण वाक्य आहे. त्यात एक भोक आहे हे कळायला आधीचं वाक्य पाठ असावं लागतं. ट्रॅक चेंजेसचा खरा उपयोग याच जागी असतो, आणि पेस्ट नेमकी तीच जागा बुजवते.

आता हे होतं कसं ते बघा, कारण बहुतेकांना वाटतं की `Keep Text Only` टाळलं की झालं. नाही! ट्रॅक चेंजेस हे अक्षरांवर चढवलेले नुसते रंग नाहीत. .docx ही खरं म्हणजे झिप फाईल असते आणि आतल्या XML मध्ये आपला शब्द असा पडलेला असतो:

```
<w:del w:id="7" w:author="Legal" w:date="...">
  <w:r><w:delText xml:space="preserve">working </w:delText></w:r>
</w:del>
```

कमेंट्स तर वेगळ्याच `word/comments.xml` मध्ये असतात, मजकुरात फक्त त्यांच्या खुणा. कॉपी करताना यातलं काय बरोबर न्यायचं हे वर्ड ठरवतो, आणि त्याचा नियम असा की मूळ फाईलमध्ये ट्रॅक चेंजेस चालू असतील तर सगळे बदल जणू स्वीकारले आहेत असं समजून मजकूर द्यायचा. म्हणजे साधं Ctrl+V केलं तरी खोडलेलं आलंच नाही, आणि घातलेलं साध्या काळ्या रंगात आलं. मूळ फाईलमध्ये बंद, पण नव्या फाईलमध्ये चालू असेल तरी गोंधळच. मग सगळा परिच्छेद 'नवीन घातला' म्हणून एका रंगात रंगतो, पेस्ट करणाऱ्याच्या नावावर. (हा प्रकार मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. निदान काहीतरी झालंय हे तरी दिसतं.) यातल्या एकाही वेळी वर्ड "तुमचे बदल गाळतोय हं" असं विचारत नाही. फाईल सेव्ह न करता बंद करताना तीनदा टोकणारा हा प्रोग्रॅम इथे मात्र मूग गिळून बसतो.

दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं आहे आणि ते अगदीच फालतू नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये रफिक हरीरी यांच्या हत्येवरचा संयुक्त राष्ट्रांचा मेहलिस अहवाल वर्ड फाईल म्हणून बाहेर पडला, आणि त्यातले ट्रॅक केलेले बदल तसेच राहिल्यामुळे गाळलेली सीरियन अधिकाऱ्यांची नावं पत्रकारांना वाचता आली. असल्या किश्श्यांनंतर "बाहेर पाठवण्याआधी साफ करा" हा धडा सगळ्यांनी घोकला. धडा बरोबर आहे, पण तो जगासमोर ठेवायच्या अंतिम प्रतीसाठी. वाटाघाटी चालू असताना समोरच्याचे बदल आपल्याच रिव्ह्यूअरपासून लपवायचे? हे म्हणजे चोर येतील म्हणून घरच्यांनाच किल्ली न देणं झालं.

टेम्प्लेट इतकंच प्यारं असेल तर आलेल्या त्याच फाईलला स्टाइल लावा ना. पेस्ट करणं अटळच असेल तर आधी दोन्ही फाईल्समध्ये ट्रॅक चेंजेस बंद करा, मग कॉपी करा, आणि `Keep Text Only` ला हात लावू नका. असं केलं की बदल मूळ लेखकाच्या नावासकट येतात. मग रिव्ह्यूइंग पेन उघडून दोन्हीकडचे आकडे ताडून बघा. आणि तुम्ही रिव्ह्यूअर असाल तर? समोर आलेल्या फाईलमध्ये एकही बदल दिसत नसेल तर ती गोष्ट समाधानाची नाही, संशयाची आहे. लिनक्सवाले एका ओळीत बघू शकतात:

```
unzip -p SoW_v4.docx word/document.xml | grep -oE '<w:(ins|del) ' | wc -l
```

हा आकडा पेनमधल्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण मूळ फाईलमध्ये वीस आणि पेस्ट केलेल्या फाईलमध्ये शून्य आलं की समजायचं ते समजा.

"पण कंपेअर आहे की!" आहे, वापराच. आपण पाठवलेली शेवटची प्रत आणि आलेली प्रत शेजारी ठेवून रिव्ह्यू टॅबमधलं कंपेअर चालवलं असतं तर तो 'वर्किंग' दोन मिनिटांत सापडला असता. पण ती शेवटची प्रत जपून ठेवलेली हवी, आणि कंपेअर फक्त फरक दाखवतं. तो फरक कोणी केला हे त्याला ठाऊक नसतं. वकीलबाईंची वेगळ्या दराची कमेंटही त्यातून परत मिळाली नसती, ती फक्त त्या मूळ अटॅचमेंटमध्येच होती. त्यामुळे आता आमच्या टीममध्ये क्लायंटची मूळ अटॅचमेंट सोबत नसेल तर मी रिव्ह्यूला हातच लावत नाही, मग लोक मला खडूस म्हणोत नाहीतर आणखी काही.