दूध मोजून घाला, मग केक उभा राहील

2024 ची ईद 11 एप्रिलला आली. वाशिम जिल्ह्यातला एप्रिल कसा तापतो, हे वेगळे सांगायला नको. त्या ईदला कारंज्यातल्या एका घरी मी दोन किलोचा मिल्क केक करून दिला होता. मिल्क केक म्हणजे अलवरची मिठाई नव्हे, तर दुधात भिजवलेला स्पंज, ज्याला बाहेर ‘त्रेस लेचेस’ म्हणतात. संध्याकाळी त्या घरच्या आपांचा फोन आला, "बेटा, चव छान आहे, पण ही फिरनी समजून वाटीत वाढायची का?" मी पैसे परत केले. सामानाचा खर्च अंगावर पडला तो वेगळाच.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. आपण या केकात दूध ओततो ते दिलदारीने, मोजून नाही. हल्ली बहुतेक जण तो प्लास्टिकच्या डब्यात विकतात. डब्याच्या भिंती केकला धरून ठेवतात, त्यामुळे स्पंज कच्चा असला तरी ते दिसत नाही. चमच्याने खाल्ला की कळते, वर केक आणि खाली दुधाचे तळे.

माझी पहिली चूक स्पंजमध्ये होती. मी तेल घातलेला मऊ केक केला होता. तो नुसता खायला उत्तम, पण तेलामुळे आधीच ओलसर असतो आणि त्याचा कणही नाजूक असतो. दूध पडले की तो विरघळल्यासारखा बसतो. या केकला लागतो तो फक्त अंडी, साखर आणि मैद्याचा, थोडा कोरडा वाटणारा स्पंज. भाजल्यावर अंड्याची जाळी घट्ट होते आणि तीच दुधाला धरून ठेवते.

आता मी आठ इंची चौकोनी भांड्यासाठी चार अंडी, 120 ग्रॅम साखर आणि 120 ग्रॅम मैदा घेते. अंडी-साखर इतकी फेटायची की वरून सोडलेली धार थोडा वेळ तशीच दिसत राहावी. मग मैदा चाळून तीन वेळा हलक्या हाताने मिसळायचा. बेकिंग पावडर अर्धाच चमचा. जास्त घातली तर भोके मोठी होतात आणि त्यांच्या भिंती पातळ. 175 अंशांवर 25 ते 30 मिनिटे भाजायचे.

हा स्पंज त्याच दिवशी भिजवू नका. शाही तुकड्यासाठी अम्मी ताजा पाव कधीच घेत नसत. शिळा पाव, तोही तळून. दूध पिऊनही तुकडा अख्खा राहायचा, त्याचे कारण हेच. स्पंजही झाकून रात्रभर ठेवावा.

दुसरी चूक दुधाची. माझा हिशेब सोपा आहे: स्पंजचे जेवढे वजन, तेवढेच दूध. वरचा स्पंज भाजल्यावर साधारण सव्वाचारशे ग्रॅम भरतो. त्यासाठी अर्धा लिटर म्हशीचे दूध आटवून 300 मिली करायचे आणि त्यात 150 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घालायचे. म्हशीच्या दुधात साय भरपूर असते, वेगळी क्रीम लागत नाही. हे थोडे जास्त होते. उरलेले वाढताना बशीत घालावे.

स्पंजची वरची तपकिरी साल काढायची, कारण ती दूध अडवते. मग काट्याने बोटभर अंतरावर थेट तळापर्यंत टोचायचे. थंड स्पंजवर कोमट दूध तीन वेळा घालायचे, मध्ये दहा-दहा मिनिटे थांबून. आधी कडेला, मग मधे. त्यानंतर सहा-आठ तास फ्रिजमध्ये.

पारख अशी. तुकडा कापून बशीत ठेवला की त्याच्या बाजू सरळ उभ्या राहिल्या पाहिजेत. बोटाने दाबल्यावर दूध वर यावे आणि बोट उचलताच परत आत जावे. मधे पांढरा कोरडा पट्टा दिसला, तर टोचणे तळापर्यंत गेलेले नाही. भांड्याच्या तळाशी दूध साचले, तर ते जास्त झाले किंवा घाईने ओतले. वरून आणखी स्पंज घालून ते सुधारत नाही.

आणि एक मर्यादा आहेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली की कितीही चांगला केक तासाभराच्या वर बाहेर टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये मी स्पंज आणि दूध वेगवेगळे, बर्फाच्या डब्यात देते. भिजवायचे कसे, ते चिठ्ठीवर लिहून.

गेल्या वर्षी त्याच आपांनी पुन्हा केक मागवला. या वेळी तो ताटात वाढला गेला, वाटीत नाही.