‘बदल नाही’वर खूण करण्याआधी

बँकेने परत पाठवलेला केवायसीचा फॉर्म घेऊन शेजारच्या काकू रविवारी आल्या. निवृत्त शिक्षिका, मोत्यासारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. फॉर्मवर शेरा एवढाच होता, ‘त्रुटी’. कोणती, ते लिहिलेलं नव्हतं.

फॉर्म, पॅन, आधार आणि वीजबिल टेबलावर शेजारी शेजारी मांडलं, तशी चूक पहिल्याच चौकटीत दिसली. ‘माझ्या माहितीत बदल नाही’ यावर खूण, आणि खाली पत्ता नव्या फ्लॅटचा. बँकेच्या नोंदीत अजून जुना वाडाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत हे दोन वेगळे रस्ते आहेत. काहीच बदललं नसेल तर तसं स्वयंघोषणापत्र पुरतं, नोंदवलेल्या मोबाइलवरून किंवा ईमेलनेही ते देता येतं. फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याची घोषणा करायची आणि बँकेने तो दोन महिन्यांत पडताळायचा. पुरावा मागायची मुभा बँकेला आहे, काकूंच्या शाखेने तो मागितला होता.

म्हणून काकूंनी वीजबिल जोडलं. ते ३ जूनचं, फॉर्म दिला २० ऑगस्टला. बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. शिवाय त्यावर फ्लॅटच्या आधीच्या मालकाचं नाव होतं, म्हणजे नवं बिल आणूनही उपयोग नव्हता. सुदैवाने मालमत्ता कराची पावती काकूंच्या नावावर झाली होती. तीही चालते, पण ही सोय तात्पुरती. नवा पत्ता असलेलं आधार, मतदार ओळखपत्र किंवा तत्सम अधिकृत कागद तीन महिन्यांत द्यावाच लागतो. काकूंना त्याच संध्याकाळी आधारवरचा पत्ता बदलायचा अर्ज करायला लावला.

नावाचंही पाहिलं. पॅनवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, फॉर्मवर सासरचं. लग्नानंतर बदललेल्या नावासाठी सरकारी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी लागते, ती जोडलेली नव्हती. आणि शेवटच्या पानावर ‘मी भारताबाहेर कर-निवासी नाही’ ही घोषणा कोरीच. ती आपल्यासाठी नाही असं काकूंना वाटलं होतं. परदेशात कर-निवासी नसणाऱ्यालाच तिथे सही करायची असते.

यातली प्रत्येक चूक शाखेतल्या माणसाला पाच मिनिटांत एका ओळीत लिहून देता आली असती. ‘त्रुटी’ एवढाच शेरा मारून सत्तरीच्या माणसाला परत पाठवणं हे काम टाळणं आहे. कागद घेतल्याची, तारीख घातलेली पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. फॉर्म देताना ती मागा, आणि घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.