Explained : ताळेबंदाला ‘मेकअप’ कसा होतो? आणि अकाउंटंटने ‘नाही’ कधी म्हणायचं?

मालक म्हणतो, ‘फक्त या तिमाहीपुरतं सांभाळून घ्या.’ आकड्यांच्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात अशीच होते. अमेरिकेतील वर्ल्डकॉम ही टेलिकॉम कंपनी त्याचं ठळक उदाहरण आहे.

नेमकं काय केलं?

आपले कॉल दुसऱ्या कंपन्यांच्या लाइनवरून नेण्यासाठी वर्ल्डकॉम भाडं भरायची. हा रोजचा खर्च, त्यामुळे तो त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा व्हायला हवा. २००१ मध्ये कंपनीने तो मालमत्ता म्हणून दाखवायला सुरुवात केली.

साधं गणित पाहा. १०० कोटींचं भाडं खर्चात धरलं, तर नफा १०० कोटींनी घटतो. तेच १० वर्षं टिकणारी मालमत्ता म्हणून दाखवलं, तर यंदा फक्त १० कोटींचा घसारा लागतो. एक रुपयाही न कमावता नफा ९० कोटींनी फुगला!

नोंदी कोणी केल्या?

बेट्टी व्हिन्सन या लेखा विभागातील अधिकाऱ्याने. त्याआधी २००० मध्येच राखीव तरतुदी कमी करून खर्च झाकायला त्यांना सांगण्यात आलं होतं. हे चूक आहे हे त्यांना कळत होतं, राजीनाम्याचा विचारही झाला. ‘पुन्हा असं करावं लागणार नाही’ असं वरिष्ठांनी सांगितल्यावर त्या थांबल्या. पण पुढेही अशा नोंदी कराव्या लागल्याच. कारण उघड आहे : एकदा फुगवलेला नफा पुढच्या वेळी गाठावाच लागतो.

पकडलं कसं गेलं?

सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाला मालमत्तेत अब्जावधी डॉलरच्या नोंदी दिसल्या, पण त्यांना आधार देणारी कागदपत्रं नव्हती. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा घोटाळा जाहीर झाला आणि महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत गेली. व्हिन्सन यांना ५ महिन्यांचा तुरुंगवास झाला. ‘वरून आदेश होता’ हा बचाव त्यांना वाचवू शकला नाही.

मग करायचं काय?

व्हिन्सन यांच्यावरचा दबाव खरा होता, नोकरीवर घर चालत होतं. तरीही माझं मत असं, की अकाउंटंटची खरी परीक्षा पहिल्याच नोंदीला होते. दुसऱ्या नोंदीच्या वेळी त्याला स्वतःचीच पहिली नोंद लपवायची असते.

म्हणून आदेश लेखी मागा आणि नोंदीचं बिल किंवा करार मागा. ते मिळालं नाही, तर नोंद करू नका आणि तुमची हरकत ईमेलवर नोंदवा. मग ऑडिट कमिटीकडे जा. छोट्या फर्ममध्ये अशी कमिटी नसते, तिथे बाहेरच्या ऑडिटरला सांगा. राजीनामा हा शेवटचा पर्याय आहे. आणि गप्प राहून दिलेल्या राजीनाम्याने तुम्ही सुटता, ज्यांचे पैसे कंपनीत अडकलेत ते सुटत नाहीत.