गवाह होशील का?

निकाहात आधी मुलीची संमती विचारली जाते. मग गवाह व्हायला मित्राला विचारताना आपण त्याची संमती गृहीत का धरतो? पनवेलमध्ये चार पाहुण्यांसमोर ‘हा आमचा गवाह’ असं परस्पर जाहीर होताना मी पाहिलंय. बिचारा तिथे नाही कसं म्हणणार?

बहिणीच्या निकाहाच्या महिनाभर आधी मी मित्राला एकट्याला गाठलं. म्हटलं, ‘शुक्रवारी असरनंतर निकाह आहे. दोन गवाहांपैकी एक तू असावास असं मनापासून वाटतं. समोर बसून इजाब-कबूल ऐकायचं, निकाहनाम्यावर सही करायची, एवढंच काम. जमत नसेल तर रविवारपर्यंत नुसतं नाही कळव, कारण सांगू नकोस. मग मामेभाऊ बसेल.’

शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. ‘तुझ्याशिवाय अडेल’ हे ऐकायला गोड वाटतं, पण समोरच्याला बांधून टाकतं. त्याने शनिवारी नाही कळवलं. मला थोडं वाईट वाटलं, पण कारण विचारलं नाही. शुक्रवारी रात्री दावतीला तो सगळ्यात आधी हजर होता. तोंड चुकवायची वेळ त्याच्यावर आली नाही, हेच मला हवं होतं.