वहिनींचे कॉलेज

उलव्याला राहायला आल्यापासून आमच्या जिन्यावर मला एक जास्तीचे काम लागले आहे. कुणाच्या मुलाचा निबंध, कुणाचा अर्ज, कुणाचा प्रवेश. 'सर आहेत ना घरात?' अशी हाक आली की आमच्या सौ. चहाचे आधण वाढवतात.

परवा समोरच्या वहिनी आल्या. वय अडतीस. बारावीनंतर न्हावाशेव्याच्या बंदराशी संबंधित एका कचेरीत नोकरी केली, मुलगा झाला तेव्हा ती सोडली, त्याला बारा वर्षे झाली. आता त्यांना शिक्षिका व्हायचे आहे. प्रश्न एकच, पण घरात त्यावरून दोन तट पडलेले. सासूबाई म्हणतात, पोस्टाने शीक. यजमान म्हणतात, कॉलेजात जा, पोस्टाच्या पदवीला कोण विचारतो!

यजमानांची समजूत जुनी आहे. मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले आहे. मान्यता आहे की नाही, हे deb.ugc.ac.in वर विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे, अशी दोन्ही नावे शोधून पाहावे. विद्यापीठ नामांकित असले तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम यादीत नसेल, तर पैसे भरू नयेत.

पण मी वहिनींना म्हटले, "आपण शेवटच्या टोकाकडून मोजू या."

माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेला बी.एड. लागते, आणि नवख्या माणसाला ते घरबसल्या होत नाही. दूरशिक्षणाचे बी.एड. असते ते आधीच शिक्षक असणाऱ्यांसाठी. नेहमीचे बी.एड. दोन वर्षांचे. त्यात वर्गातल्या कामाला ऐंशी टक्के आणि शाळेतल्या सरावाला नव्वद टक्के हजेरी हवी. म्हणजे ती दोन वर्षे घराने वहिनींना सोडलेच पाहिजे. शिवाय प्रवेशाला पदवीत सर्वसाधारणपणे निदान 50 टक्के गुण लागतात. नुसते 'पास' होऊन भागत नाही.

आता अलीकडची तीन वर्षे. नेहमीच्या कॉलेजात एका सत्रात नव्वद दिवस शिकवणे होते असे धरा. पंचाहत्तर टक्के म्हणजे 68 दिवस हजेरी. हाती उरली 22 दिवसांची सूट. वहिनींनी बोटे मोजायला सुरुवात केली. गणपतीचे सात, मुलाच्या परीक्षेचे सहा, सासूबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे आठ. एकवीस झाले, आणि ताप तर अजून कुणाला आलाच नव्हता! त्यात सकाळचे तास आणि मुलाची शाळेची बस एकाच वेळेला.

"मग पोस्टानेच बरे," सासूबाई दारातून म्हणाल्या.

त्यांनाही मी थांबवले. मुक्त विद्यापीठांत एका श्रेयांकाला 30 तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांची पदवी साधारण 120 श्रेयांकांची, म्हणजे 3600 तास. वर्षाला बाराशे, दिवसाला सव्वातीन. हे सव्वातीन तास कोणते, ते ठरले नाही तर पुस्तकांचा गठ्ठा फळीवर तसाच राहतो. इग्नूत या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. तशी घेतली तर हेच तास निम्मे होतात. मराठीतून शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच.

माणसे अडतात ती बहुधा स्वाध्यायांवर. घरी लिहून द्यायचे म्हणून ते मागे पडतात. मग लेखी परीक्षेत उत्तीर्ण होऊनही निकाल अपुरा राहतो, कारण गुणपत्रिकेत स्वाध्यायाचा रकाना रिकामा असतो. दिला त्या दिवसाची पोच जपून ठेवावी आणि रकाना भरला की नाही ते परीक्षेआधीच पाहावे. दुसरी अडचण नावाची. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी लागतो. वहिनींची बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे. विवाहनोंदणीचा दाखला आधी शोधून ठेवा म्हटले, तर तो कपाटात नव्हताच. गावी, वडिलांच्या ट्रंकेत होता.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मी वर्गाचा माणूस. वर्गात कुणी तरी तुमचे वाक्य मध्येच तोडते, हा फायदा पुस्तकाच्या गठ्ठ्यात मिळत नाही. तरीही या घरासाठी मी पदवी दूरशिक्षणाने करा असेच सांगितले. घराची सवड आणि सहनशक्ती मोजकी असते, ती बी.एड.च्या दोन वर्षांसाठी शिल्लक हवी. एवढी एक अट मात्र घातली: प्रत्येक स्वाध्याय पाठवण्याआधी कुणाला तरी वाचायला द्यायचा.

तो 'कुणी तरी' मीच होणार, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. गेल्या रविवारी वहिनी सरावाला लिहिलेले पहिले उत्तर घेऊन आल्या. दीड पान झाले तरी पूर्णविराम नव्हता. मी लाल पेन शोधू लागलो, आणि आतून आधण वाढवल्याचा आवाज आला.